AVERAGEIF ने मसाल्यांचा सरासरी दर ४२५ येतोय, हाताने केला तर ६५०. कुठं बिघडतंय?

सांगलीची_वहिनी
नमस्कार मंडळी. आमच्या बचत गटाच्या विक्रीचा हिशेब मी एक्सेलमधे ठेवते. आता पुढच्या महिन्यात एका दुकानदाराला घाऊक माल द्यायचा आहे आणि तो विचारतोय की मसाले सरासरी काय भावाने जातात, पापड काय भावाने. म्हणून प्रत्येक कॅटेगरीचा सरासरी दर काढायला बसले. पूर्ण शीट मोठी आहे पण मी आठ ओळी वेगळ्या काढून बघितल्या तरी उत्तर पटत नाहीये. B मधे कॅटेगरी, C मधे वस्तू, D मधे किलो, E मधे किलोचा दर, F मधे रक्कम (D गुणिले E). पहिल्या ओळीत हेडिंग आहे, माल दुसऱ्या ओळीपासून.

ओळ २: मसाले, गोडा मसाला, १ किलो, दर ८००
ओळ ३: पापड, उडीद पापड, ४ किलो, दर ४००
ओळ ४: मसाले, कांदा लसूण मसाला, १० किलो, दर ६००
ओळ ५: मसाले, हळद, ५ किलो, दर ३००
ओळ ६: लोणची, कैरीचं लोणचं, ३ किलो, दर ३५०
ओळ ७: मसाले, मालवणी मसाला, २ किलो, दर ९००
ओळ ८: मसाले, गोडा मसाला, अर्धा किलो, दर ० (दुकानदाराला सॅम्पल दिलं)
ओळ ९: पापड, नाचणी पापड, २ किलो, दर अजून ठरला नाही म्हणून मोकळा

H2 मधे मी "मसाले" लिहिलंय आणि फॉर्म्युला असा

```
=AVERAGEIF(B2:B9,H2,E2:E9)
```

उत्तर ४२५. कॅल्क्युलेटरवर ८००, ६००, ३००, ९०० ची बेरीज भागिले चार केली तर ६५० येतं. सॅम्पलचा शून्य धरला तरी ५२० यायला पाहिजे ना? ४२५ कुठून आला तेच कळेना.

विनू_नाशिक
वहिनी, रेंज लहान घेतली की असे घोळ होतात, उद्या दहावी ओळ टाकली की ती सुटणार. मी कायम पूर्ण कॉलम घेतो, E:E टाका बिनधास्त.

किराणावाला_लातूर
४२५ गुणिले ४ = १७००. म्हणजे ८०० + ६०० + ३०० + ०. मालवणीचे ९०० पकडलेच नाहीत त्याने. सातव्या ओळीत काहीतरी आहे ताई, तिथलं "मसाले" नीट बघा.

सांगलीची_वहिनी
बघितलं, अगदी तसंच दिसतंय हो, अक्षर न अक्षर सारखं.

खतावणी
डोळ्याला सारखंच दिसणार वहिनी, मागे स्पेस असली तर दिसत नाही. कुठल्याही रिकाम्या सेलमधे हे दोन टाका:

```
=LEN(B2)
=LEN(B7)
```

"मसाले" ची लांबी ५ यायला पाहिजे, कारण म, स, काना, ल आणि मात्रा असे पाच धरले जातात. B7 ला ६ आलं तर शेवटी एक स्पेस आहे. AVERAGEIF ला "मसाले" आणि "मसाले स्पेस" या दोन वेगळ्या कॅटेगऱ्या वाटतात, आणि तो एरर देत नाही, ती ओळ गुपचूप सोडून देतो. छोटं-मोठं इंग्रजी अक्षर त्याला चालतं, स्पेस चालत नाही.

मोठ्या शीटमधे प्रत्येक सेलची लांबी कोण बघत बसणार, तिथे मी वेगळं करतो. ज्या कॅटेगऱ्या तुमच्या यादीत आहेत त्या प्रत्येकीचा COUNTIF काढायचा, सगळ्यांची बेरीज करायची आणि ती कॉलममधल्या एकूण ओळींशी जुळवायची. तुमच्या आठ ओळीत मसाले ४, पापड २, लोणची १ असे ७ येतील, आणि

```
=COUNTA(B2:B9)
```

८ देईल. एक ओळ बेवारस आहे हे लगेच कळतं. दर बघायच्या आधी ही मोजणी जुळली पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं वाया.

सांगलीची_वहिनी
६ च आलं! ती ओळ आमच्या गटातली दुसरी बाई मोबाईलवरून भरते, कीबोर्ड शब्द सुचवतो तो दाबला की मागे आपोआप स्पेस पडते, आत्ता तिच्या फोनवर करून बघितलं. मग मोठ्या शीटमधे अशा कितीतरी असतील.

नीलिमा_ठाणे
तर मग एवढं कशाला, स्टार लावा की. "मसाले*" लिहिलं की मसाले ने सुरू होणारं सगळं पकडतं, स्पेस असो नसो.

```
=AVERAGEIF(B2:B9,H2&"*",E2:E9)
```

मी ऑफिसात हेच वापरते.

खतावणी
चालतं ताई, या आठ ओळीत बरोबर ५२० पण येईल. पण उद्या वहिनींनी "मसाले भात मिक्स" अशी कॅटेगरी सुरू केली की तीही मसाल्यात जाऊन बसणार आणि परत तेच, कुठेही एरर नाही. आणि स्पेस शब्दाच्या आधी पडली असेल तर पुढे लावलेला स्टार काही करत नाही. माझं मत, डेटा साफ करा, फॉर्म्युल्याला सैल करू नका. बाजूच्या मोकळ्या कॉलममधे =TRIM(B2) टाकून खाली ओढा, कॉपी करून B वर फक्त व्हॅल्यू पेस्ट करा. आणि पुढे B कॉलमला डेटा व्हॅलिडेशन लावून लिस्ट द्या म्हणजे फोनवरून भरणारी बाई टाइप न करता निवडेल. मराठीत तर याची जास्तच गरज आहे, "लोणची" "लोणचं" "लोणचे" तिन्ही लोक लिहितात आणि ते TRIM ने सुधारत नाही.

एक मात्र ध्यानात ठेवा. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून किंवा वेबपेजवरून कॉपी केलेल्या मजकुरात वेगळ्या जातीची स्पेस येते, ती TRIM ला जात नाही. TRIM करूनही LEN ६ च राहिलं तर हे:

```
=TRIM(SUBSTITUTE(B2,CHAR(160)," "))
```

गुरुजी_माण
माझा पण असाच प्रश्न आहे म्हणून इथेच विचारतो. शाळेत चाचणीचे गुण तुकडीप्रमाणे सरासरी काढायचे आहेत. काही शिक्षक गैरहजर मुलाला "गै" लिहितात, काही ० टाकतात. अ तुकडीची सरासरी चांगली येते आणि ब ची कमी, आणि मग मीटिंगमधे ब च्या बाईंना ऐकून घ्यावं लागतं. हे स्पेसमुळे का?

किराणावाला_लातूर
नाही गुरुजी, तुमचं वेगळं आहे. "गै" हे अक्षर आहे म्हणून सरासरीत धरलंच जात नाही, मोकळा सेल पण धरला जात नाही. ० हा आकडा आहे, तो धरला जातो. समजा चार मुलांना १४, १६, १८, १२ आणि पाचवा गैरहजर. "गै" लिहिलं तर ६० भागिले ४ म्हणजे १५. शून्य लिहिलं तर ६० भागिले ५ म्हणजे १२. मुलं तीच, गुण तेच. ब च्या बाई शून्य टाकत असतील.

गुरुजी_माण
अगदी बरोबर, त्याच टाकतात! म्हणजे त्यांच्या वर्गाचं काही चुकत नव्हतं. सगळ्यांना एकच पद्धत करायला सांगतो आजच. पण गैरहजराला शून्य की काहीच नाही हे मुख्याध्यापकांना विचारावं लागेल, त्याचा नियम मला माहीत नाही.

सांगलीची_वहिनी
गुरुजींच्या उदाहरणाने माझं पण कळलं. म्हणजे नाचणी पापडाचा दर मोकळा आहे म्हणून पापडाची सरासरी ४०० येते ती बरोबर आहे आणि सॅम्पलचा शून्य मात्र मसाल्याला खाली ओढतोय. स्पेस काढल्यावर ५२० आलं. आता शून्य कसा काढू? आणि विनू दादांनी सांगितलं तसं E:E पण करून बघितलं, तर ५६२.५० आलं. हे तिसरंच काहीतरी.

```
=AVERAGEIF(B2:B9,H2,E:E)
```

विनू_नाशिक
५६२.५० मला बरोबर वाटतंय. तुमचा जास्तीत जास्त माल कांदा लसूण आहे, ६०० चा, मग सरासरी ६०० च्या जवळपासच असणार ना. ५२० कमीच वाटत होतं.

खतावणी
थांबा थांबा. विनूभाऊ, आकडा पटण्यासारखा आहे पण तो पूर्ण चुकीच्या ओळींचा आहे. हा AVERAGEIF चा सगळ्यात वाईट खोडा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

AVERAGEIF तिसऱ्या रेंजचा फक्त पहिला सेल बघतो, वरचा डावा. तिथून पुढे पहिल्या रेंजएवढीच लांबी तो स्वतः मोजून घेतो. पहिली रेंज B2 पासून सुरू, आणि E:E चा पहिला सेल आहे E1. म्हणजे त्याने B2 ची जोडी E1 शी लावली, B3 ची E2 शी, असं सगळं एक ओळ वर सरकलं. आता मसाले कुठे कुठे आहेत, B2, B4, B5, B7, B8. त्यांना मिळाले E1, E3, E4, E6, E7. E1 मधे "दर" हे हेडिंग आहे, अक्षर म्हणून ते सुटलं. उरले ४००, ६००, ३५०, ९००. बेरीज २२५०, भागिले ४, झाले ५६२.५०.

म्हणजे मसाल्याच्या सरासरीत उडीद पापडाचे ४०० आणि लोणच्याचे ३५० घुसले, आणि हळद आणि गोडा मसाला गायब. एक्सेलने ना लाल रंग दाखवला ना काही.

विनू_नाशिक
बापरे. पण मी तर वर्षानुवर्षं E:E वापरतोय आणि माझं जुळतं.

खतावणी
कारण तुम्ही पहिली रेंज पण B:B देत असणार. दोन्हीकडे पूर्ण कॉलम असेल तर काहीच प्रॉब्लेम नाही, तुमची सवय चांगलीच आहे, नव्या ओळी आपोआप येतात. घोळ होतो तो एकीकडे B2:B9 आणि दुसरीकडे E:E असं मिसळलं की. म्हणून मी AVERAGEIF वापरतच नाही, अट एकच असली तरी AVERAGEIFS लिहितो. त्याच्यात रेंज लहानमोठ्या झाल्या की तो सरळ #VALUE! देतो, चुकीचं उत्तर देण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं. फक्त क्रम उलटा आहे, ज्याची सरासरी काढायची तो कॉलम आधी येतो, हे विसरायचं नाही.

वहिनी, तुमचा शून्याचा प्रश्न पण त्यातच सुटतो:

```
=AVERAGEIFS(E2:E9,B2:B9,H2,E2:E9,">0")
```

आता ६५० येईल, तुमच्या कॅल्क्युलेटरचं उत्तर.

सांगलीची_वहिनी
आलं ६५०! जीवात जीव आला. मग दुकानदाराला ६५० सांगू ना?

खतावणी
नका सांगू, अजून एक गोष्ट आहे आणि माझ्या मते हीच खरी. ६५० ही चार ओळींची सरासरी आहे, किलोची नाही. त्याच्यात १ किलो गोडा मसाल्याला जेवढं वजन आहे तेवढंच १० किलो कांदा लसूणला. दुकानदार विचारतोय की तुमचा एक किलो मसाला सरासरी काय भावाने जातो. मग एकूण आलेले पैसे भागिले एकूण किलो करायला पाहिजे.

पैसे: ८०० + ६००० + १५०० + १८०० = १०१००. किलो: १ + १० + ५ + २ = १८. उत्तर ५६१.११. तुम्ही ६५० सांगितले असते तर किलोमागे जवळजवळ ८९ रुपये जास्त सांगितले असते, आणि त्या हिशेबाने दुकानदाराने घासाघीस सुरू केली की तुमचे स्वतःचे आकडे तुम्हाला जुळले नसते.

AVERAGEIF ला वजन देता येत नाही, तशी सोयच नाही त्याच्यात. दोन बेरजा कराव्या लागतात:

```
=SUMIFS(F2:F9,B2:B9,H2)/SUMIFS(D2:D9,B2:B9,H2,E2:E9,">0")
```

विनू_नाशिक
५६१.११ आणि माझं ५६२.५० !! दीड रुपयाचा पण फरक नाही.

खतावणी
योगायोग आहे हो, म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटते. तोच फॉर्म्युला पापडाला लावून बघा, B3 आणि B9 ला E2 आणि E8 मिळतील, म्हणजे ८०० आणि ०, सरासरी ४००. पापडाचा खरा दर पण ४००! दोन कॅटेगऱ्यांत ठीक वाटलं म्हणून कोणी तपासणार नाही. मग लोणच्याला लावा, E5 मिळेल, ३००, आणि खरा दर आहे ३५०. तिथे पितळ उघडं पडतं. जिथे एकच ओळ आहे ती कॅटेगरी नेहमी तपासायला घ्यावी, तिचं उत्तर डोळ्यांनी दिसतं.

नीलिमा_ठाणे
एक शंका, खाली भागाकारात ">0" ची अट परत का लावलीत? AVERAGEIF तर मोकळे सेल आपोआप सोडतो ना.

खतावणी
AVERAGEIF सोडतो, बेरजा सोडत नाहीत. नाचणी पापडाचा दर मोकळा आहे म्हणून F मधे रक्कम ० आली, पण D मधे २ किलो आहेतच. अट लावली नाही तर पापडाचं १६०० भागिले ६ होतं, २६६.६७. उडीद पापड ४०० ने विकला आणि दुसऱ्याचा दरच ठरला नाही, आणि सरासरी २६६! अट लावली की १६०० भागिले ४, बरोबर ४००.

पिव्होटवाली_पुणे
एवढे फॉर्म्युले लिहिण्यापेक्षा पिव्होट टेबल करा ना, कॅटेगरी रोमधे ओढा, दर व्हॅल्यूमधे ओढून ॲव्हरेज निवडा, दोन मिनिटांचं काम.

किराणावाला_लातूर
त्याने पण ओळींचीच सरासरी येणार ताई, किलोची नाही. आणि शून्यवाली ओळ पण धरणार.

पिव्होटवाली_पुणे
हो, ते खरं, पण पिव्होटमधे कॅल्क्युलेटेड फील्ड टाकता येतं, रक्कम भागिले किलो असं लिहायचं. ते आधी दोन्हीच्या बेरजा करतं आणि मग भागतं, म्हणजे आपल्याला पाहिजे तेच. सॅम्पल आणि बिनदराच्या ओळी मात्र आधी फिल्टरने काढायला लागतील, नाहीतर वर लिहिलंय ते २६६ तिथेही येईल.

सांगलीची_वहिनी
मी फॉर्म्युल्यानेच करते, पिव्होट आमच्या बाकीच्या बायकांना जड जाईल. अजून एक, यादीत "फराळ" पण आहे पण दिवाळी सोडून विक्री नसते, तिथे #DIV/0! येतंय. IFERROR लावून ० दाखवू का?

खतावणी
० नको, कोणीतरी पुढे त्या कॉलमची सरासरी काढेल आणि तो शून्य परत आत जाईल. आणि IFERROR सगळ्याच एररवर पांघरूण घालतं, H मधे कॅटेगरीचं नाव चुकून वेगळं लिहिलं असेल तरी ते लपतं. मी असं करतो:

```
=IF(COUNTIFS(B2:B9,H5,E2:E9,">0")=0,"विक्री नाही",
 SUMIFS(F2:F9,B2:B9,H5)/SUMIFS(D2:D9,B2:B9,H5,E2:E9,">0"))
```

जूनमधे फराळाला "विक्री नाही" आलं तर ठीक. मसाल्याला आलं तर मात्र नाव तपासा.

किराणावाला_लातूर
मी दुकानदार आहे म्हणून दुसऱ्या बाजूने सांगतो. सॅम्पलचा अर्धा किलो सरासरीतून काढायला मी तयार नाही. तो धरला तर १०१०० भागिले १८.५ म्हणजे ५४५.९५ होतं. माल तर तुमच्या घरातून गेला ना, मिरची, खोबरं, कांडप सगळं त्याला लागलंच. तुम्हाला हातात किलोमागे ५४६ च पडले.

खतावणी
ते खर्चात दाखवा, जाहिरातीचा खर्च म्हणून वेगळा. दर म्हणजे गिऱ्हाईकाने किलोमागे दिलेले पैसे. सॅम्पल दरात मिसळलं की पुढच्या महिन्यात सॅम्पल कमी दिलं तरी असं वाटेल की दर वाढला.

किराणावाला_लातूर
एकदाच दिलं तर जाहिरात. पण आमच्याकडे घाऊकवाले दर खेपेला "वर एवढं फुकट द्या" म्हणतातच, ते सॅम्पल नसतं, ती सूटच असते. ती सरासरीत धरली नाही तर वहिनी स्वतःला फसवतील. वहिनी, हा अर्धा किलो कुठल्या जातीचा आहे?

सांगलीची_वहिनी
हा पहिल्यांदाच दिलाय. पण खरं सांगायचं तर पुढच्या ऑर्डरला पण तो मागणार असं आत्तापासून वाटतंय. म्हणून मी आता G कॉलम घालते, त्यात "विक्री", "सॅम्पल", "स्कीम" असं ड्रॉपडाउनने निवडायचं, म्हणजे दोन्ही आकडे शेजारी शेजारी काढता येतील, ५६१ आणि ५४६. दुकानदाराला ५६१ सांगते, आणि गटाच्या मीटिंगमधे दोन्ही ठेवते.

नीलिमा_ठाणे
वहिनी पापड तुम्ही खरंच किलोने विकता का? आमच्याकडे गटाच्या बायका पाकिटाने देतात, २०० ग्रॅमचं, आणि D मधे पाकिटांची संख्या टाकतात. एकाच कॉलममधे किलो आणि पाकीट आलं तर हे सगळं परत बिघडेल.

सांगलीची_वहिनी
अगं हो, गेल्या वर्षीच्या शीटमधे पापड पाकिटानेच आहेत. ते किलोत कसे बदलायचे, प्रत्येक पाकीट नक्की २०० ग्रॅमचं भरत होतं का हे जुन्या बायकांना विचारायला लागेल. यावर्षीचं आधी पुरं करते, मग ते घेऊन येते इथेच.